शेवटच्या तासाचा मजूर आणि मागच्या बाकावरचा भाऊ

*"ऐरोलीत आमची छोटी मराठी मंडळी आहे. पाळकसाहेब सुट्टीवर आहेत, म्हणून पुढच्या रविवारचा उपदेश माझ्याकडे आलाय. पंच कमिटीनं विषयही ठरवून दिला: मत्सर. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळीत दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला १९८९ साली नगरहून आला, कारखान्यात राबला, कंपनी बंद पडली, आजही दिघ्याला दोन खोल्यांत राहतो. धाकटा २०१४ ला आला आणि पहिल्याच अर्जात त्याला सिडकोच्या सोडतीत घर लागलं. गृहप्रवेशाला थोरला गेला नाही. जावा आता एका बाकावर बसत नाहीत. गावच्या जमिनीचाही काहीतरी विषय आहे म्हणतात. मी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घ्यायचं ठरवलंय. मत्सर हे पाप आहे, हे थोरल्याला न दुखवता कसं सांगू? (मीही तीनदा अर्ज भरला होता, लागलं नाही. पण माझ्या मनात तसलं काही नाही.)" – एक पंच, ऐरोली*

सलाम.

उपदेश लिहायला बसण्याआधी एक चौकशी करा. गावच्या जमिनीचा "काहीतरी विषय" म्हणजे नक्की काय, हे कळल्याशिवाय या दाखल्याला हात लावू नका.

दाखल्यातला मालक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत टप्प्याटप्प्यानं मजूर लावतो आणि शेवटी सगळ्यांना एकेक दिनार देतो, तेव्हा पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. कुरकुर करणाऱ्या मजुराला मालक पहिलं वाक्य काय बोलतो ते पाहा: मी तुझ्यावर अन्याय केलेला नाही, तू माझ्याशी एका दिनारावर कबूल झाला होतास ना? सगळा दाखला या वाक्यावर उभा आहे. ठरलेला रोज त्याच्या हातावर पूर्ण पडला आहे, म्हणूनच त्याची तक्रार मत्सराची ठरते. मालकानं अर्धा रोज कापून घेतला असता, तर त्याच कुरकुरीला पवित्र शास्त्रात वेगळं नाव आहे. याकोबाच्या पत्रात (५:४) अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते.

तेव्हा आधी एवढं विचारा. वडील मृत्युपत्र न करता गेले का? तसं असेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो: आई हयात असेल तर तिला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलामुलींत सारखं. लग्न होऊन गेलेल्या बहिणीही यात आल्या. जमीन विकून पैसे एकाच हातात राहिले असतील, किंवा कुणाकडून "नुसती सही कर" म्हणून हक्कसोड घेतलं असेल, तर तो हिशेबाचा मामला आहे. सातबारा आणि फेरफार काढून, दोघांना समोरासमोर बसवून तो सुटेल. लुबाडलेल्या माणसाला मत्सरावरचा उपदेश ऐकवणं म्हणजे त्याला देवाच्या नावानं गप्प बसवणं. अशा वेळी कमिटीला सांगून विषय बदलून घ्या. पंच म्हणून तेवढा अधिकार तुम्हाला आहे.

समजा तसं काही निघालं नाही. जमिनीचे वाटे रीतसर झालेत, सोडत म्हणजे सोडत, घर लागलं ते नशिबानं लागलं. मग दाखला घ्या. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट आधीच ठरून गेलेली दिसते, की मत्सर थोरल्याच्या घरात आहे आणि तुम्ही तो बाहेरून पाहताय. दाखला ज्यांना सांगितला गेला त्यांनाही बहुधा असंच वाटलं असेल.

मत्तयाचा विसावा अध्याय उघडाल तेव्हा एक पान मागे जा. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले. मूळ लिखाणात तिथे खंड नाही. १९:२७ ला येशूचा शिष्य पेत्र विचारतो: आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? त्याला मोठं आश्वासन मिळतं आणि लगेच हा दाखला येतो. म्हणजे पहाटे पहिल्यांदा कामावर लागलेला मजूर हा खुद्द पेत्र आहे. दाखला संपताच येशू आपल्या मरणाविषयी बोलतो, आणि तेवढ्यात दोघा शिष्यांची, जब्दीच्या मुलांची, आई येऊन आपल्या दोघांसाठी त्याच्या राज्यात उजवी-डावी जागा मागते. बाकीचे दहाजण चिडतात. का चिडतात? जागा तर त्यांनाही हवी होती. दाखल्याच्या अलीकडे-पलीकडे बारा शिष्य एकमेकांची मापं काढतायत. म्हणून वाचन २०:१ पासून न करता १९:२७ पासून करा. मंडळीतल्या सगळ्यात जुन्या, प्रतिष्ठित माणसाला, म्हणजे पंचांनाच, त्यात आधी जागा सापडेल.

आणि तुमचा तो कंस. तीनदा अर्ज, तीनदा अनामत भरून परत, आणि "माझ्या मनात तसलं काही नाही". असेलही. मात्र ज्याच्या मनात खरंच काही नसतं, त्याला हे लिहायची आठवण सहसा होत नाही. हे दोष देण्यासाठी म्हणत नाहीये. तुमच्या उपदेशातला सगळ्यात कामाचा ऐवज या कंसात आहे, तो घरी ठेवून जाऊ नका.

आता दाखल्यातला दिवस बघू. तो नवी मुंबईत समजवायला फार सोपा आहे, कारण आपल्याकडे नाका आहे. सकाळी साडेसात-आठला डबा आणि हत्यारं घेऊन उभी असलेली माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत. ठेकेदार येतो, अंगापिंडानं भक्कम असलेले गडी आधी उचलतो. दहानंतर नाक्यावर उरतात ते म्हातारे, बारके, बायका आणि काल ताप येऊन गेलेले. दाखल्यातला मालक पाच फेऱ्या मारतो. दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बारा तासांचा धरत, त्यामुळे तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊ, सहावा म्हणजे दुपारचे बारा, नववा म्हणजे तीन आणि अकरावा म्हणजे दिवस मावळायला एक तास असताना, संध्याकाळचे पाच. पाच वाजता उभ्या असलेल्यांना तो विचारतो, दिवसभर इथे का उभे? उत्तर येतं: कुणी आम्हाला कामावर लावलं नाही.

इथे बरेच उपदेशक घसरतात. शेवटचे मजूर आळशी, उशिरा उठणारे, आणि तरी देव किती दयाळू, असं सांगून टाकतात. मूळ ग्रीक शब्द 'आर्गोस', म्हणजे काम नसलेला. तो आळशी माणसालाही लावत, पण इथे मजुरांनी स्वतः कारण सांगितलंय आणि मालकानं ते खोडलेलं नाही. त्यांना आळशी ठरवलंत की दुसरी चूक पाठोपाठ येते: ऐकणाऱ्याला वाटतं, धाकटा तो आळशी आणि आयतं मिळवणारा. तुमचा धाकटा २०१४ ला आला तो उशिरा जन्मला म्हणून, मागे पडून राहिला म्हणून नव्हे.

पैशाचा हिशेबही नीट मांडा. दिनार म्हणजे साधारण मजुराचा दिवसाचा रोज, घरात त्या दिवसाची भाकरी येईल एवढा. पहाटेच्यांशी तेवढाच ठरला. नऊच्यांना "जे योग्य ते देईन" असं मोघम सांगितलं, बारा आणि तीनच्यांनाही तसंच. पाचच्यांना जुन्या हस्तलिखितांत मजुरीबद्दल एक शब्दही नाही, नुसतं "तुम्हीही मळ्यात जा". पोटासाठी दिवसभर ताटकळलेली माणसं काही न ठरवता गेली. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मजुराचा रोज रात्रभर ठेवायचा नाही, सूर्य मावळायच्या आत द्यायचा (अनुवाद २४:१५), कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. पाचच्या माणसाच्या घरीही चूल तेवढीच पेटायची असते. एका तासाला एका तासाचा भाव दिला असता, तर दिनाराचा बारावा हिस्सा हातात आला असता आणि पोरं उपाशी निजली असती.

आता रांग. तुमच्या वीस मिनिटांतला सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून सुरू कर. हे उलट क्रमानं का? पहाटेच्यांना आधी दिलं असतं तर ते दिनार कमरेला खोचून समाधानानं घरी गेले असते. पाचच्यांना काय मिळालं हे त्यांना कधी कळलंच नसतं. मत्सर होऊ द्यायचा नसता तर क्रम बदलणं पुरेसं होतं. मालकानं मुद्दाम त्यांना बघायला लावलं. आणि मग दहाव्या ओवीत एक छोटं वाक्य आहे, घाईत वाचलं तर निसटतं: त्यांना वाटलं, आपल्याला जास्त मिळेल.

ते वाक्य म्हणजे मत्सराची जन्मवेळ. सकाळी एक दिनार भरपूर होता, म्हणून तर कबूल झाले. दिवसभर घाम गाळतानाही तो भरपूर होता. रांगेत उभं असताना, पुढच्याचा हात बघून, मनात गणित झालं: एका तासाला एक, तर बारा तासांना बारा. त्यानंतर हातात पडला तो तोच दिनार, पण आता तो अकरानं कमी होता. खिशातून काहीच गेलं नाही आणि तरी अकरा दिनारांचं नुकसान झाल्यासारखं वाटलं.

हे गणित ऐरोलीच्या भाषेत करून दाखवा. सोडतीच्या आदल्या दिवशी दिघ्याच्या दोन खोल्या कशा होत्या? छप्पर गळत नव्हतं, भाडं नव्हतं, पोरं शिकली त्याच खोल्यांत. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी त्याच खोल्या लहान झाल्या. भिंती आत सरकल्या नव्हत्या. फक्त कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या घराच्या बाल्कनीचा फोटो आला होता. पण हे उदाहरण दिघ्याचं देऊ नका, स्वतःच्या घराचं द्या. तुमचा तिसरा अर्ज फुकट गेला त्या संध्याकाळी तुमचं राहतं घर तुम्हाला कसं दिसलं? ते चार वाक्यांत सांगितलंत की थोरला आपोआप ऐकेल, आणि त्याच्याकडे कुणी वळून बघणार नाही.

आणखी एक बारकावा. पहाटेचे मजूर मालकाचा हेवा करत नाहीत. त्याचा अख्खा मळा आहे, कारभारी आहे, पैशाची पिशवी आहे, त्याबद्दल अवाक्षर नाही. डोळा आहे तो शेजारच्या मजुराच्या एका नाण्यावर. त्यांचं वाक्य बघा: "तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलंत." आम्हाला कमी दिलं, असं ते म्हणतच नाहीत. पाम बीच रोडवरच्या टॉवरकडे बघून कुणाची झोप उडत नाही, चुलतभावाच्या वन बीएचकेनं उडते. आपल्या भाषेनं या रोगाला नावच नात्यावरून दिलंय, भाऊबंदकी.

मालकाचा शेवटचा प्रश्न मराठी कानाला तर जास्तच लागतो. शब्दशः तो असा आहे: मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे का? बऱ्याच भाषांतरांत इथे सरळ 'मत्सर' किंवा 'हेवा' असा शब्द येतो आणि डोळा हरवतो. आपल्याकडे डोळा हरवायचं कारण नाही. डोळ्यांत खुपणं, डोळ्यांवर येणं, दृष्ट लागणं, हे आपण रोज बोलतो. फरक एवढाच, की आपल्या समजुतीत दृष्ट लागते ती ज्याच्याकडे बघितलं त्याला, म्हणून नव्या घराच्या दारावर लिंबू-मिरची. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातला (१५:९) वाईट डोळा मात्र वेगळं काम करतो: कर्जमाफीचं सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाकडे बघून हात आखडता घेणं. तिथे डोळा वाईट म्हणजे मूठ बंद. मालकही तेच विचारतोय: माझी मूठ उघडी आहे, तर तुझी का आवळली? यावर तुम्ही पाच मिनिटं बोललात तरी माणसं जांभया देणार नाहीत.

आता एका गोष्टीपासून जपा. "देव सगळ्यांना सारखंच देतो" असं म्हणून शेवट करायचा मोह होईल. करू नका, ते खरं नाही आणि थोरल्याला ते डोळ्यांनी दिसतंय. दाखल्यात सगळ्यांना सारखा एक दिनार मिळाला. तुमच्या मंडळीत एकाला बाल्कनीचं घर आणि दुसऱ्याला दोन खोल्या. पहाटेच्या मजुराला निदान शेवटच्याइतकं तरी मिळालं होतं, तुमच्या थोरल्याला तेवढंही नाही. घर म्हणजे दिनार नव्हे, हे व्यासपीठावरून मोकळेपणानं कबूल करा. सोडत म्हणजे देवाची मजुरी नव्हे, संगणकानं काढलेल्या चिठ्ठ्या आहेत. दाखला सगळ्या विषमतेचं स्पष्टीकरण देत नाही. तो एकाच क्षणावर बोट ठेवतो, दुसऱ्याच्या हातात चांगलं पडताना आपल्या डोळ्यात काय होतं त्यावर. कंपनी बंद पडून थोरल्याची देणी बुडाली असतील, तर त्याचा राग हा रास्त राग आहे. त्याला मत्सराच्या पोत्यात कोंबू नका. कदाचित तो राग निघायला जागा न मिळाल्यानंच भावाच्या दारापाशी येऊन थांबला असेल.

धाकट्याचं काय? त्याच्याबद्दल पत्रात तक्रार नाही, म्हणून त्याला सोडू नका. दाखल्यातले पाचचे मजूर एक शब्दही बोलत नाहीत. आपल्या मंडळ्यांत मात्र साक्ष देण्याची पद्धत आहे. घर लागलं की दुसऱ्या रविवारी उभं राहून "आम्ही प्रार्थना केली आणि प्रभूनं घर दिलं". त्याच बाकांवर तीच प्रार्थना करून घर न मिळालेले बसलेले असतात, आणि त्यांना त्यातून ऐकू येतं की तुमची प्रार्थना कमी पडली. साक्ष बंद करा असं नाही. पण तुमच्या उपदेशाच्या रविवारी घराची, बढतीची, व्हिसाची साक्ष ठेवू नका, हे आराधना चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. धाकट्याला वेगळं गाठून एवढं सुचवा, की भावाला "ये ना घर बघायला" म्हणायच्या ऐवजी काहीतरी मदत मागावी: पडदे लावायचेत, नळ गळतोय, तुझ्या हातचं काम आहे. कारखान्यात वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला पाहुणा म्हणून त्या घरात शिरणं जड जातं, हत्यारांची पिशवी घेऊन शिरणं सोपं असतं.

वेळेचं म्हणाल तर वीस मिनिटांहून पुढे जाऊ नका. वाचन दोन तुकड्यांत करा. १९:२७ पासून २०:१२ पर्यंत, म्हणजे कुरकुरीपर्यंत वाचून थांबा. तीन-साडेतीन मिनिटं लागतील. मग नाका आणि रांग यावर दहाएक मिनिटं बोला, तुमचे तीन अर्ज तिथेच येऊ द्या. त्यानंतर मालकाचं उत्तर वाचा. त्यात 'गड्या' अशी हाक आहे. मत्तयात हाच ग्रीक शब्द आणखी दोनदाच येतो, लग्नाच्या पोशाखाविना आलेल्या पाहुण्याला आणि धरून द्यायला आलेल्या यहूदाला. तिन्ही वेळा समोरचा चुकलेला आहे आणि तरी हाक तोडलेली नाही. म्हणून ते वाक्य दरडावून वाचू नका. उरलेला वेळ डोळ्याला द्या आणि प्रश्नावरच थांबा. मजुरानं दिनार उचलला की तिथेच टाकून गेला, हे मत्तय सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

शेवटचा मुद्दा तुमच्या मूळ प्रश्नाचा. कुरकुर सगळ्यांनी केली, पण तेराव्या ओवीत मालक उत्तर देतो ते "त्यांच्यातल्या एकाला". थोरल्याला जे सांगायचं ते मंडळीसमोर सांगायचंच नाही, हा सरळ मार्ग तिथे लिहून ठेवलाय. शनिवारी संध्याकाळी दिघ्याला जाऊन या, एकटेच. उद्या मी कोणता दाखला घेतोय, हे त्याला तुमच्याच तोंडून कळू दे, रविवारी बाकावर बसल्यावर अचानक नको. त्याला काही समजावू नका. १९८९ ला तो आला तेव्हा ऐरोली कशी होती, कुठल्या खात्यात काम होतं, कंपनीनं शेवटी काय दिलं, हे विचारा आणि ऐका. "दिवसभराचं ओझं आणि ऊन आम्ही सोसलं" हे पहाटेच्या मजुराचं म्हणणं खोटं नव्हतं आणि मालकानंही ते खोटं म्हटलेलं नाही. चहा आला की तुमच्या तीन अर्जांची गोष्ट काढा. भावाच्या घराचा विषय त्यानं काढला तर काढू दे.